स्टिकर कशाबद्दल द्यायचा?

इथे नेदरलँड्समध्ये मूल बहुधा चौथ्या वाढदिवसानंतर शाळेत जाते. तोवर डायपर सुटावा, अशी अपेक्षा असते. म्हणून लेक अडीच वर्षांची होताच आम्ही तक्ता लावला : पॉटीत शू-शी झाली की स्टिकर. चौथ्या दिवसापासून ती कोपऱ्यात पाय आवळून शी दाबून धरू लागली. दडपणाची खूण हीच! आठवडाभर तक्ता काढून ठेवला. मग नियम बदलला : जेवणानंतर दोन-तीन मिनिटे नुसती बसली तरी स्टिकर. बसणे मुलाच्या हातात असते, शी होणे नेहमी नसते. स्टिकर लगेच, तिच्याच हाताने लावायचा. पाच झाले की मनुकांची छोटी डबी. चड्डी ओली झाली तरी मिळालेला स्टिकर काढायचा नाही. सवय लागल्यावर तक्ता तीच विसरली.