क्यूआरचा स्टिकर म्हणजे डिजिटल दुकान नव्हे

किराणा दुकानांच्या डिजिटल वापरावर एमबीएचा प्रबंध करायचा, तर प्रस्तावातच चार गैरसमज डोकावतात. सोलापूरसारख्या शहरातल्या एका प्रभागात ६०० किराणा दुकाने आहेत, असे धरून ते तपासू.

गैरसमज : गल्ल्यावर क्यूआर कोड दिसला की दुकान डिजिटल झाले.
वस्तुस्थिती : यूपीआय २०१६ साली आले. आज क्यूआर इतके सर्रास दिसतात की तेवढ्यावरून दुकानादुकानांतला फरक कळत नाही. पैसे यूपीआयने घेणारा दुकानदार उधारी वहीतच मांडत असतो. म्हणून पेमेंट, बिलिंग, साठ्याची नोंद आणि घाऊक मालाची ऑनलाइन मागणी अशी चार कामे वेगळी मोजावीत. उद्दिष्टेही त्यातूनच ठरतात : कोणते काम किती दुकानांत डिजिटल आहे, त्याचा दुकानाच्या आकाराशी व मालकाच्या वयाशी संबंध आहे का, आणि उरलेली कामे कशामुळे अडतात.

गैरसमज : ओळखीची शंभर दुकाने नमुना म्हणून पुरतात.
वस्तुस्थिती : ओळखीची दुकाने बहुधा एकाच बाजारपेठेतली निघतात, गल्लीबोळातली सुटतात. आधी प्रभागात पायी फिरून सगळ्या दुकानांची यादी करावी. ९५ टक्के विश्वासपातळी आणि ५ टक्के चूक धरली, तर कॉक्रनच्या सूत्राने नमुना ३८५ येतो. पण एकूण दुकाने ६०० असल्याने दुरुस्तीनंतर २३५ पुरतात. पाचातला एक नकार देईल असे गृहीत धरून यादीतले दर दुसरे दुकान, म्हणजे ३०० दुकाने निवडावीत.

गैरसमज : प्रश्नावली भरून घेतली की माहिती मिळाली.
वस्तुस्थिती : ‘महिन्याची उलाढाल किती?’ असे विचारताच कराच्या धास्तीने दुकानदार आखडतो आणि आकडा कमी सांगतो. त्यापेक्षा उलाढालीचे गट दाखवावेत. ‘यूपीआय किती वापरता?’ याऐवजी शेवटच्या दहा गिऱ्हाइकांपैकी किती जणांनी यूपीआयने पैसे दिले, ते विचारावे. वही आणि बिलाचे यंत्र स्वतः पाहून नोंदवावे. तोंडी उत्तर आणि डोळ्यांनी पाहिलेले यांत वारंवार तफावत आली, तर प्रश्न चुकला असे समजावे. काय आहे ते सर्वेक्षण सांगेल. ते तसे का आहे, यासाठी पंधराएक दुकानदारांशी सविस्तर बोलावे लागेल. मोठी दुकाने जास्त डिजिटल दिसली, तरी डिजिटलमुळेच ती वाढली असा निष्कर्ष एकदाच केलेल्या पाहणीतून काढता येत नाही.

गैरसमज : माहिती गोळा करायला दोन आठवडे पुष्कळ झाले.
वस्तुस्थिती : दुकानदाराला दुपारीच थोडी उसंत मिळते, संध्याकाळी, महिन्याच्या सुरुवातीला आणि दिवाळीआधी मुळीच नाही. दिवसाला दहा दुकाने धरली, तरी ३०० दुकानांना ३० दुपारी लागतात. सोळा आठवड्यांची आखणी अशी करावी : यादी व प्रश्नावली तीन, वीस दुकानांत चाचणी एक, सर्वेक्षण सहा, मुलाखती दोन, विश्लेषण व लेखन चार.