घंटा वाजली म्हणजे पावलॉव्ह नव्हे

मानसशास्त्राच्या पेपरात प्रसंग देऊन विचारतात : हे अभिजात अभिसंधान की साधक? प्रश्नात कुत्रा किंवा घंटा दिसली की मुलं पावलॉव्हवर खूण करून मोकळी होतात. प्रश्न काढणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. घंटा वाजल्यावर कुत्र्याने पंजा दिला आणि म्हणून बिस्किट मिळालं, तर ते स्किनरचं साधक अभिसंधान. बिस्किट पंजा दिल्यामुळे मिळालं, तिथे घंटा फक्त इशारा होती. पावलॉव्हच्या प्रयोगात मात्र लाळ गळो न गळो, अन्न यायचंच.

आता जरा कठीण प्रसंग घ्या. दाताच्या दवाखान्यात मीनाला ड्रिलने कळ आली. पुढच्या खेपेला ड्रिलचा नुसता आवाज ऐकून तिच्या तळहातांना घाम फुटला. घाम ती ठरवून आणत नाही आणि त्याने तिला काही मिळतही नाही. आवाज आणि कळ यांची जोडी जमली, म्हणून हे अभिजात. नंतर ती अपॉइंटमेंट रद्द करते, धास्ती ओसरते आणि रद्द करण्याची सवय जडते. हे साधक. त्रास टळल्याने वर्तन वाढलं, म्हणून ऋण प्रबलन. ‘ऋण’ शब्द पाहून इथे शिक्षेवर खूण करणारे बरेच असतात. शिक्षेने वर्तन घटतं, इथे तर ते वाढलंय.

एकाच गोष्टीत दोन्ही प्रकार असे नांदतात. म्हणून पर्याय वाचण्याआधी प्रश्न घामाबद्दल आहे की अपॉइंटमेंटबद्दल, ते शेवटच्या ओळीत बघा.