सातबारावरचा हिस्सा नकाशावर कुठे?

गावचा सातबारा आणि गावचा नकाशा एकाच जमिनीविषयी बोलतात, पण ते दोन वेगळ्या दप्तरांत वाढले. सातबारा तलाठ्याकडे, म्हणजे महसूल खात्याकडे. नकाशा भूमी अभिलेख खात्याकडे. भावाभावांत वाटणी होते, तलाठी फेरफार घेतो, मंडल अधिकारी तो प्रमाणित करतो आणि ४५/१ या सातबाराचे ४५/१अ आणि ४५/१ब असे दोन सातबारे होतात. नकाशावर मात्र त्यामुळे रेघ पडत नाही. त्यासाठी पोटहिस्सा मोजणीचा अर्ज करायचा, फी भरायची, भूकरमापकाची वाट बघायची. बांध कुठे आहे हे दोघाही भावांना ठाऊक असतं, म्हणून पुष्कळ कुटुंबं त्या फंदात पडत नाहीत. अशा वाटण्या पिढ्यान्‌पिढ्या साचत जातात आणि सातबारा नकाशाच्या पुढे निघून जातो.

हे अंतर आता संगणकावर उघडं पडतं. गावनकाशे डिजिटल झाले आहेत. त्यात प्रत्येक शेत म्हणजे एक बंद आकृती, पॉलिगॉन, आणि तिला चिकटवलेला क्रमांक. दुसऱ्या बाजूला सातबारांचा तक्ता. कालव्यासाठी किंवा रस्त्यासाठी जमीन घ्यायची असली की आखणी नकाशावर होते, पण नोटीस सातबारावरच्या खातेदाराला जाते. म्हणून दोन्हींची जोडणी लागते, आणि नेमके हिश्श्यांचे क्रमांक जुळत नाहीत.

पहिला अडथळा निव्वळ लिहिण्याच्या पद्धतीचा आहे. एकाच हिश्श्याला कुणी ४५/२अ/१ लिहितो, कुणी ४५-२-अ-१, तर नकाशा रेखाटणारा रोमन लिपीत लिहितो. अ, ब, क, ड यांचे A, B, C, D होतात हे उघड वाटतं, पण काही जण उच्चाराप्रमाणे क साठी K टाइप करतात आणि तो हिस्सा हरवतो. स्प्रेडशीटचा उपद्रव याहून वाईट. ३/४ हा क्रमांक तिथे ३ एप्रिल होऊन बसतो. तिरक्या रेघेऐवजी दशांश टिंब वापरलं असेल तर १०वा हिस्सा १ला होतो, कारण ४५.१० आणि ४५.१ यांत संगणकाला फरक दिसत नाही. म्हणून हा रकाना पहिल्यापासून मजकूर म्हणूनच ठेवायचा, मग क्रमांकाचे तुकडे पाडून प्रत्येक पायरी वेगळी लिहायची:

```
४५/२अ/१    →  45|2|A|1
45-2-A-1   →  45|2|A|1
४५/११      →  45|11
```

यात एक पारख ठेवावी लागते. असं एकसारखं केल्यावर एकाच गावातल्या दोन वेगळ्या सातबारांचा क्रमांक सारखाच निघाला, तर थांबायचं. त्या गावात २अ आणि २/अ हे खरोखरच वेगळे हिस्से असू शकतात.

यानंतरही न जुळलेले क्रमांक उरतात, आणि इथे हमखास चुकीची वाट धरली जाते. नावं जुळवताना वापरतात तसं ‘जवळात जवळचं अक्षरसाम्य’ शोधणारं साधन इथे लावतात. ‘शिंदे’ आणि ‘शिन्दे’ यांच्यासाठी ते ठीक आहे. पण ४५/१ आणि ४५/११ यांत एकाच अंकाचा फरक असून त्या दोन निराळ्या शेतजमिनी आहेत, आणि ४५/१ व ४५/१ब/२ दिसायला लांब असून दुसरा पहिल्याच्या पोटातला आहे. सर्व्हे नंबरात अक्षरांच्या साम्याला अर्थ नाही, पायऱ्यांना आहे. त्यामुळे हिस्सा सापडला नाही तर शेवटची पायरी गाळायची आणि त्याच्या मूळ हिश्श्याला पॉलिगॉन आहे का ते पाहायचं. उलट दिशेनेही पाहायचं, कारण कधी मोजणी होऊन नकाशा फुटलेला असतो, पण फेरफार अडकल्याने सातबारा एकच राहिलेला असतो.

ही जोडणी खरी की योगायोगाची, हे क्षेत्रफळ सांगतं. समजा, एका गावात ४५/१अ चा सातबारा ६० आरचा आहे आणि ४५/१ब चा ४० आरचा. नकाशावर फक्त ४५/१ आहे आणि त्या पॉलिगॉनचं क्षेत्र १०,७२० चौरस मीटर भरतं. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, तेव्हा दोन्ही मिळून १०,००० झाले. ७२० चौरस मीटरची तफावत बघून कुणीही ही जोडणी नाकारेल. पण ४५/१ब वर ६ आर पोटखराबा वेगळा लिहिलेला आहे. लागवडीयोग्य क्षेत्राच्या आकड्यात तो धरलेला नसतो. नकाशावरच्या आकृतीत मात्र ओढा, खडक, वाट सगळंच येतं. तो मिळवला की १०,६०० होतात आणि फरक १२० चौरस मीटरवर, जेमतेम एका टक्क्यावर येतो. जुन्या कागदावरून उतरवलेल्या नकाशात एवढा फरक चालायचाच. अर्थात यातून एवढंच कळतं की अ आणि ब मिळून ही आकृती होते. अ नेमका कोणत्या बाजूला आहे, हे या आकड्यांतून कधीच कळणार नाही. तक्त्यात ‘दोन सातबारे, एक सामाईक पॉलिगॉन’ असंच लिहायचं. मधोमध अंदाजाने रेघ मारून दोन आकृत्या केल्या, तर पुढे कुणीतरी ती रेघ मोजणीची समजेल आणि कालवा भलत्याच भावाच्या नावावर जाईल.

त्याच सर्व्हे नंबरात ४५/२ चा सातबारा ८० आरचा आहे, आणि नकाशावर त्याचे दोन तुकडे ४,८५० व ३,२३० चौरस मीटरचे आहेत. बेरीज ८,०८०. ही उलटी जोडणी, एक सातबारा आणि दोन पॉलिगॉन, आणि तीही टिकते.

याहून फसवी गोष्ट म्हणजे क्रमांक तंतोतंत जुळूनही जोडणी चुकीची असणं. १९४७च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरण कायद्याखाली महाराष्ट्रातल्या अनेक गावांत जमिनींचं एकत्रीकरण झालं आणि सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. कोकणात पुष्कळ गावांत मात्र सर्व्हे आणि हिस्सा तसेच चालू राहिले. आता सातबारा गट नंबरचा आणि डिजिटल केलेला नकाशा एकत्रीकरणापूर्वीचा असेल, तर गट ४५ला सर्व्हे ४५ अगदी आनंदाने जुळतो. दोन्ही जमिनी गावाच्या दोन टोकांना असू शकतात. एकेक ओळ तपासून हे लक्षात येत नाही. अख्ख्या गावाची क्षेत्रफळं शेजारी शेजारी ठेवली की दिसतं: क्रमांक जवळपास सगळे जुळले आहेत आणि क्षेत्रं जवळपास एकाचंही नाही. असं दिसलं की ते गाव बाजूला काढायचं आणि एकत्रीकरण योजनेच्या कागदांतून जुना सर्व्हे कोणत्या गटात गेला याचा तक्ता आधी तयार करायचा. त्याआधी केलेली कुठलीही जोडणी फुकट.

राहता राहिला ४५/११, ३० आरचा. त्याचा पॉलिगॉन नाही. एक पायरी गाळली की थेट ४५ उरतो, म्हणजे संपूर्ण सर्व्हे नंबर. आकारबंदात सर्व्हे नंबर ४५चं एकूण क्षेत्र असतं. त्यातून नकाशावर दिसणाऱ्या हिश्श्यांचं क्षेत्र वजा करून ३० आरच्या आसपास काही उरलं, तर हा हिस्सा त्या सर्व्हे नंबरात आहे आणि त्याची हद्द उतरवायची राहिली आहे, एवढं म्हणता येतं. काहीच उरलं नाही, तर तो कुठल्या तरी रेखाटलेल्या हिश्श्याच्या पोटात असणार आणि त्याचा फेरफार काढून मूळ हिस्सा शोधावा लागेल. दोन्ही बाबतींत तक्त्यात ‘न जोडलेला’ असाच शेरा जातो आणि भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयात त्याचं टिपण किंवा फाळणी नकाशा मागावा लागतो. तोही नसेल, तर मोजणीशिवाय इलाज नाही.