नोकरी सोडून गेलेल्याचा मेल

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतली एक छोटी फौंड्री डोळ्यांसमोर आणा. पुण्याच्या कंपन्यांना कास्टिंग पुरवते, ऑफिसात नऊ माणसं. आजवर सगळा कारभार मालकांच्या फुकटच्या जीमेलवर चालला. आता स्वतःचं डोमेन घेतलंय आणि मालक ईमेलचे प्लॅन बघत बसलेत. ठळक अक्षरांत दोन आकडे दिसतात: एका युजरमागे महिन्याला किती रुपये आणि किती जीबी. पण क्वालिटीचा इंजिनीअर नोकरी सोडून गेल्यावर ग्राहकाने त्याला पाठवलेलं ड्रॉइंग सापडेल की नाही, हे त्या दोन आकड्यांत कुठेच नसतं.

आधी मेलबॉक्स. माणसं नऊ असली तरी बाहेरच्यांशी लिहिणं-बोलणं सहाजणांचंच: मालक, खरेदी, विक्री, हिशेब, क्वालिटी, डिझाइन. स्टोअरकीपरला आणि दोन सुपरवायझरना मेलबॉक्स दिला, तर तो पडूनच राहणार. पैसे युजरमागे मोजले जातात, त्यामुळे सहा पुरेत. वेबसाइटच्या होस्टिंगबरोबर ‘अनलिमिटेड ईमेल’ फुकट मिळतात, त्यांचा मोह होतो. तिथे मेलबॉक्स हवे तितके काढा, पण ते सगळे साइटच्या त्याच डिस्कवर बसतात. डिस्क भरली की मेल येणं थांबतं. ताशी किती मेल पाठवता येतील यालाही मर्यादा असते. शिवाय त्याच सर्व्हरवरच्या एखाद्या शेजाऱ्याने स्पॅम पाठवला, तर तुमचं कोटेशनही ग्राहकाच्या स्पॅममध्ये जाऊन पडतं. अशा ठिकाणी ‘अनलिमिटेड’ या शब्दावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

मग `sales@`, `accounts@`, `info@`, `quality@` या पत्त्यांचं काय? त्यांच्यासाठी एलियास असतो. एलियास म्हणजे एकाच मेलबॉक्सला दिलेलं दुसरं नाव. त्याला वेगळा पासवर्ड नाही आणि बहुतेक ठिकाणी वेगळे पैसेही नाहीत. गूगल वर्कस्पेसमध्ये एका युजरला 30 एलियास देता येतात. `quality@` वर आलेला मेल इंजिनीअरच्या स्वतःच्या पेटीत पडतो. उत्तर मात्र त्याच्या नावाच्या पत्त्यावरून जातं. ‘पाठवणारा’ म्हणून एलियास निवडायची सेटिंग वेगळी करावी लागते. ती न केल्यामुळे ग्राहक पुढचे सगळे मेल त्या माणसाच्या नावावर पाठवू लागतो आणि एलियास नुसता वेबसाइटवर छापलेला राहतो.

खरी मेख पुढे आहे. इंजिनीअर गेल्यावर `quality@` हा एलियास नव्या माणसाला जोडणं पाच मिनिटांचं काम. पण त्या क्षणापासून येणारे मेल तेवढे नव्याकडे जातात. तीन वर्षांचा जुना पत्रव्यवहार जुन्याच मेलबॉक्समध्ये राहतो, आणि पैसे वाचवायला मालकांनी ते खातं काढून टाकलं की तोही जातो. म्हणून जो पत्ता माणसाचा नसून कामाचा आहे, त्याला सामायिक मेलबॉक्स द्यावा. ही एकच पेटी असते आणि दोघं-तिघं आपापल्या लॉगिनने ती उघडतात. मायक्रोसॉफ्ट 365 मध्ये 50 जीबीपर्यंतच्या अशा पेटीला वेगळं लायसन्स लागत नाही, आणि नोकरी सोडणाऱ्याची पेटीच सामायिक करून ठेवता येते. ही सोय पुष्कळ छोट्या कंपन्यांना माहीतच नसते.

आता ते ड्रॉइंग. समजा फाइल 20 एमबीची आहे आणि आपली मर्यादा 25 एमबीची. तरीही मेल परत येऊ शकतो. ईमेलची व्यवस्था मुळात अक्षरं नेण्यासाठी बनली, त्यामुळे कोणतीही फाइल आधी अक्षरांत बदलावी लागते. बेस64 नावाच्या या पद्धतीत तीन बाइटची चार अक्षरं होतात, आणि ओळी तोडण्याची चिन्हं धरून फाइल साधारण 37 टक्क्यांनी फुगते. 20 एमबीचं ड्रॉइंग वाटेत 27 एमबीच्या पुढे जातं. मर्यादा या फुगलेल्या मेलवर मोजली जात असेल, तर 25 एमबीत खरी फाइल जेमतेम 18 एमबीची बसते. शिवाय मर्यादा दोन्ही टोकांना असते आणि त्यातली लहान ती खरी. आपण मोठा प्लॅन घेतला तरी ग्राहकाच्या सर्व्हरची मर्यादा 10 एमबी असेल, तर उपयोग शून्य. परत आलेल्या मेलमध्ये असं काही दिसलं, तर दोष पत्त्याचा नसून आकाराचा आहे असं समजावं:

```
552 5.3.4 Message size exceeds fixed limit
```

मोठी फाइल जीमेल आपोआप ड्राइव्हवर चढवतं आणि मेलमध्ये लिंक घालतं. तेव्हा सोयीचं वाटतं. पण अशा मेलमध्ये ड्रॉइंग नसतंच, असतो फक्त त्याचा पत्ता. ग्राहकाच्या माणसाने वर्षभराने ती फाइल पुसली किंवा तिच्या जागी नवी आवृत्ती ठेवली, तर ‘आम्हाला रिव्हिजन बी आलंच नव्हतं’ हे सिद्ध करायला आपल्या हाती काही नाही. म्हणून लिंकने आलेलं ड्रॉइंग त्याच दिवशी उतरवून ऑर्डर नंबरच्या फोल्डरमध्ये टाकावं.

राहिलं जुन्या मेलचं जतन, आणि इथेच प्लॅन खरे वेगळे होतात. जीमेलच्या कचरापेटीत मेल 30 दिवस राहतो. त्यानंतर ॲडमिनला तो आणखी 25 दिवस परत आणता येतो. युजरच काढून टाकला, तर गूगलकडे 20 दिवस आणि मायक्रोसॉफ्टकडे 30 दिवस हातात असतात. ही झाली चूक सुधारायची मुदत. अर्काइव्हचं काम निराळं. युजरने त्याच्या पेटीतून मेल पुसला, तरी ठरलेली मुदत संपेपर्यंत कंपनीकडची प्रत हलत नाही. गूगलमध्ये हे काम व्हॉल्ट करतं, आणि ते बिझनेस स्टार्टर किंवा स्टँडर्डमध्ये नसून बिझनेस प्लसपासून पुढे मिळतं. ते नुसतं विकत घेऊन भागत नाही. किती काळ ठेवायचं हा नियम ॲडमिनने स्वतः लावेपर्यंत व्हॉल्ट काहीच राखून ठेवत नाही. उलट चुकीचा नियम लावला तर घातही होतो: एक वर्षाची मुदत घालून ‘सगळं काढा’ असं निवडलं, तर वर्षापूर्वीचे मेल लोकांच्या चालू पेट्यांमधूनही नाहीसे होतात.

मुदत किती ठेवावी? कंपनी कायद्याच्या कलम 128 प्रमाणे हिशेबाची पुस्तकं आधीच्या आठ आर्थिक वर्षांची ठेवावी लागतात. जीएसटीत वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून 72 महिने. ऑर्डर, दरातले बदल, माल नाकारल्याची कारणं हे सगळं आता मेलवरच असतं, तेव्हा फौंड्रीने आठ वर्षं धरावीत. वाद कोर्टात गेला तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीबरोबर प्रमाणपत्र लागतं. फॉरवर्ड करत करत आलेल्या प्रतीपेक्षा अर्काइव्हमधून काढलेला मूळ मेल तिथे फार उपयोगी पडतो.

एक खर्च मात्र कोणी आधी सांगत नाही. अर्काइव्ह लायसन्सला बांधलेलं असतं. गेलेल्या इंजिनीअरचा मेल आठ वर्षं ठेवायचा, तर त्याचं पूर्ण लायसन्स चालू ठेवा, नाहीतर गूगलचं आर्काइव्हड युजर हे स्वस्त लायसन्स घ्या, नाहीतर सगळा मेल एमबॉक्स किंवा पीएसटी फाइलमध्ये उतरवून दोन डिस्कवर ठेवा. सहा मेलबॉक्सच्या फौंड्रीला हा तिसरा मार्ग बहुधा परवडेल, फक्त खातं काढण्याच्या आधी तो करायला हवा. प्लॅनच्या चाचणी काळात याची तालीमही होते. एक नकली युजर काढा, त्याला 18 एमबीची फाइल पाठवा, त्याच्या लॉगिनने तो मेल कचरापेटीतूनही पुसा, मग ॲडमिनच्या खात्यातून फाइलसकट परत मिळवून बघा.