वर्गीकृत वारंवारता सारणीतील मध्य

वर्गीकृत वारंवारता सारणीतून काढलेला मध्य अंदाजे असतो. उदाहरणार्थ, दहा विद्यार्थ्यांना २० पैकी ४, ६, ७, ७, ८, ११, १२, १३, १५, १७ गुण मिळाले. बेरीज १००, म्हणून मध्य १०. चढत्या क्रमातील पाचव्या व सहाव्या संख्येची सरासरी, म्हणजेच मध्यक, ९.५. सर्वाधिक वेळा आलेली संख्या, म्हणजेच बहुलक, ७.

१–५, ६–१०, ११–१५, १६–२० या वर्गांची वारंवारता अनुक्रमे १, ४, ४, १ आहे. सारणीत मूळ गुण दिसत नाहीत. म्हणून त्यांच्याऐवजी ३, ८, १३, १८ हे वर्गमध्य घेतात. वर्गमध्य व वारंवारता यांच्या गुणाकारांची बेरीज १०५ होते. तिला एकूण वारंवारतेने, म्हणजे १० ने, भागल्यास मध्य १०.५ येतो. वर्गांच्या संख्येने, म्हणजे ४ ने, भागल्यास उत्तर २० पेक्षा मोठे येते व चूक लक्षात येते.