भाड्याला चार दिवस उशीर होणार असेल तर…

पुण्या-मुंबईत भाड्याने राहणाऱ्या बहुतेकांचा ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार अकरा महिन्यांचा असतो आणि भाडं अमुक तारखेच्या आत द्यायचं, हे त्यात लिहिलेलं असतं. पगार लांबला की अनेक जण ती तारीख उलटून जाऊ देतात, घरमालकांचा फोन आला की मग कारणं सांगतात. खरं तर दोन-तीन दिवस आधी पाठवलेल्या पाच ओळी पुरतात.

समजा, भाडं १४,००० रुपये, मुदत ५ तारखेची आणि कंपनीने पगार १० तारखेला होईल असं कळवलंय. तर ३ तारखेला असा मेसेज पाठवावा :

‘नमस्कार काका. आमचा पगार या महिन्यात १० तारखेला होणार आहे, त्यामुळे ५ तारखेला पूर्ण भाडं देता येणार नाही. १४,००० पैकी ६,००० रुपये आज पाठवतो. उरलेले ८,००० रुपये १२ तारखेपर्यंत तुमच्या खात्यात जमा करतो. चालेल का, तेवढं कृपया कळवा.’

पगार १० तारखेला, मग १२ का? कारण पगार एखाद्या दिवसाने पुढे गेला, तर दुसऱ्यांदा मुदत मागावी लागते आणि विश्वास खरा तिथे उडतो. तारीख थोडी पुढची द्यावी आणि पैसे तिच्या आधी पोचवावेत. ‘दोन-चार दिवसांत बघतो’ यातून मालकांना काहीच कळत नाही. त्यांच्या घराच्या कर्जाचा हप्ता त्याच भाड्यातून जात असेल, तर त्यांना नेमका दिवस आणि नेमकी रक्कमच हवी असते.

कारण एका वाक्यात संपवावं. आजारपण, प्रवास, घरचा खर्च असं सगळं सांगत बसलं की विनंतीपेक्षा सबबच जास्त दिसते. ‘डिपॉझिटमधून कापून घ्या’ असंही लिहू नये. ती रक्कम घर सोडतानाच्या हिशेबासाठी असते. मेसेज पाठवण्याआधी करार उघडून उशिराच्या दंडाचं कलम आहे का, ते पाहावं. असेल तर दंडाचं काय करायचं, हे त्याच मेसेजमध्ये विचारून टाकावं.

उत्तर आलं नाही तर ते होकार समजू नये. दुसऱ्या दिवशी फोन करावा आणि बोलणं झाल्यावर ‘फोनवर ठरल्याप्रमाणे ८,००० रुपये १२ तारखेपर्यंत देतो’ एवढी ओळ लिहून पाठवावी. पुढे कधी वाद झाला तर दोघांकडेही लेखी नोंद राहते. मालक नाही म्हणाले, तर करारातली तारीखच कायम राहते. मग उसनवारी करून का होईना, ती पाळावी.

पैसे भरले की व्यवहार क्रमांकासह ‘उरलेलं भाडं जमा केलं, आभारी आहे’ असं त्याच दिवशी कळवा. मालकांना खातं तपासत बसायला लावू नका.