कूलरच्या जाळीवरचा पांढरा थर

बसवनगुडीत आमच्या इमारतीत बोअरचं पाणी येतं. वारा लागून पाणी उडून जातं, क्षार मात्र कूलरच्या जाळीवरच राहतात. मार्चमध्ये कूलर काढला तर हनीकोंबच्या भोकांच्या कडा पांढऱ्या, खरखरीत, आणि टाकीच्या तळाला हिरवं बुळबुळीत शेवाळ.

प्लग काढून आधी शेवाळच घासा, साबणपाणी आणि नायलॉनच्या ब्रशने. मग पाच लिटर कोमट पाण्यात चार-पाच चमचे लिंबूसत्त्व विरघळवून टाकीत ओता आणि प्लग पुन्हा लावून, पंखा बंद ठेवून अर्धा तास नुसता पंप चालवा. थरावर बारीक बुडबुडे येतात. ते थांबले की थर सुटला, किंवा लिंबूसत्त्व संपलं. खरखर उरली असेल तर पुन्हा करा, शेवटी साध्या पाण्याने धुवा. जाळी कागदी असते, तारेच्या ब्रशने फाटते. लिंबूसत्त्वाच्या पाण्यात ब्लीच कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.